फ्लॅश सेल चालू असताना दर तासाला काय बघायचं आणि हात कधी घालायचा

प्रश्न: "आमचं ऑनलाइन दुकान आहे. लवकरच सहा तासांचा फ्लॅश सेल लावतोय. मागच्या खेपेला डॅशबोर्डवर चाळीसेक आकडे होते, आम्ही चौघं सहा तास त्यांच्याकडे डोळे लावून बसलो, आणि तरी पेमेंटचा घोळ दुसऱ्या दिवशी ग्राहकांच्या फोनवरून कळला. दर तासाला नेमके कोणते आकडे बघावेत, आणि काय दिसलं की लगेच काहीतरी करावं?"

तुमचा घोळ त्या दिवशीही पडद्यावर कुठेतरी दिसत असणार. फक्त तो आकडा किती असायला हवा होता, हे आधी कोणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून तो चुकीचा आहे हे कोणाला जाणवलं नाही. चाळीस आकड्यांपुढे बसलेला माणूस बहुतेक वेळा एकूण विक्रीकडेच बघत राहतो, कारण तो एकच आकडा सतत वाढत असतो आणि बघायला बरा वाटतो.

मी आकडे निवडताना एकच चाळणी लावते. हा आकडा आत्ता बिघडला, तर पुढच्या पंधरा मिनिटांत मी काय करीन? उत्तर "काही नाही, नंतर बघू" असं आलं, तर तो आकडा त्या दिवशीच्या पडद्यावरून काढायचा. पानं किती जणांनी पाहिली, सरासरी ऑर्डर केवढ्याची, किती जणांनी वस्तू बास्केटमध्ये टाकून सोडून दिली, हे सगळं दुसऱ्या दिवशीच्या बैठकीसाठी ठीक आहे. एकूण विक्रीसुद्धा मी खाली कोपऱ्यात ढकलते. ती कमी आहे एवढंच कळतं, कुठे हात घालायचा ते कळत नाही.

या चाळणीतून माझ्याकडे चारच आकडे उरतात. ठरवलेल्या ऑर्डरींच्या मानाने या तासात किती आल्या. चेकआउटला पोचलेल्यांपैकी किती जणांचं पेमेंट पूर्ण झालं, तेही प्रत्येक पेमेंट पद्धतीचं वेगळं. मुख्य वस्तूंचा साठा कधी संपेल. आणि प्रत्यक्षात सूट किती दिली जातेय. साइट मंदावली का हेही महत्त्वाचं आहे, पण त्यासाठी तासाभराची वाट बघणं चूकच. त्याचा अलार्म तांत्रिक टीमकडे मिनिटामिनिटाचा हवा.

परिस्थितीनुसार यात फरक पडतो, तो आधीच सांगते. मी बोलतेय ते स्वतःची साइट असलेल्या दुकानाबद्दल. तुम्ही दुसऱ्याच्या मार्केटप्लेसवर विकत असाल, तर पेमेंट तुमच्या हातात नसतं. मग साठा आणि सूट हे दोनच आकडे खरे तुमचे. शिवाय तासाला दहा ऑर्डरी येणाऱ्या दुकानाने आणि हजार येणाऱ्याने एकाच नियमाने चालून भागत नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी ऑर्डरींचं बघू. समजा सहा तासांत ३,००० ऑर्डरींचं नियोजन आहे. याला सहाने भागून तासाला ५०० असा अंदाज धरणारे मी बरेच पाहिलेत, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते. फ्लॅश सेलला सुरुवातीला झुंबड उडते, मध्ये सगळं शांत होतं आणि शेवटी "संपतंय" म्हणून पुन्हा गर्दी होते. त्यामुळे मी तासांचा वाटा असा काहीतरी धरते: ३५, १८, १२, १०, १० आणि १५ टक्के. म्हणजे पहिल्या तासात १,०५०, दुसऱ्यात ५४०, तिसऱ्यात ३६०, मग ३००, ३०० आणि शेवटी ४५०. आता पहिल्या तासात ८०० ऑर्डरी आल्या, तर ५०० धरणारा पेढे वाटेल आणि मी कपाळाला हात लावीन. तिसऱ्या तासात ३६० आल्या, की तो घाबरून सूट वाढवायला निघेल आणि मी चहा घ्यायला जाईन.

हे वाटे तुमच्याच जुन्या सेलवरून काढा. जुना सेल नसेल तर अंदाजाने मांडा आणि पहिला तास संपला की उरलेले आकडे त्या प्रमाणात खालीवर करा. पहिल्या तासात १,०५० ऐवजी ९०० आल्या आणि कुठेही बिघाड सापडला नाही, तर बहुधा नियोजनच जास्तीचं होतं. मग दुसऱ्या तासाची तुलना ५४० शी न करता साधारण ४६० शी करायची. नाहीतर दिवसभर प्रत्येक तास "मागे" दिसत राहतो आणि खरा बिघाड त्या लाल रंगात बुडून जातो.

एक बारीकशी गोष्ट, जिने मला एकदा चांगलंच फसवलंय. डेटाबेसमधली वेळ बहुतेक वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तुमचं घड्याळ तिच्यापेक्षा भारतासारखं साडेपाच तास पुढे असेल, तर डेटाबेसचा "एक तास" तुमच्या दोन अर्ध्या तासांना चिकटवून बनतो. दहाला सेल सुरू झाला तर पहिल्या रकान्यात सेलआधीचा शांत अर्धा तास मिसळतो आणि सुरुवात फिकी दिसते. म्हणून तास घड्याळाचे न मोजता सेल सुरू झाल्यापासूनचे मोजा: मिनिट ० ते ६०, ६० ते १२०, असे. आणि चालू तासाचा अर्धवट आकडा पूर्ण तासाशेजारी कधीही ठेवू नका. तो कमीच दिसणार आणि कोणीतरी हमखास ओरडणार.

आता किती कमी म्हणजे खरंच कमी? इथे एक ढोबळ हिशेब मला पुरतो. अपेक्षित आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची दुप्पट करायची. एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो. ५४० चं वर्गमूळ साधारण २३, दुप्पट ४६. म्हणजे ५०० आल्या तर मी हात लावत नाही. ४३० आल्या तर उठून बसते. पण तुमची अपेक्षा तासाला १६ ऑर्डरींची असेल, तर वर्गमूळ ४, दुप्पट ८. आठ आल्या काय नि चोवीस आल्या काय, त्या एका तासावरून काहीच सांगता येत नाही. लहान दुकानाने दोन-तीन तास एकत्र करून बघावं.

"ऑर्डरी अजिबात थांबल्या" या अलार्मलाही हेच लागू होतं. तासाला १,०५० म्हणजे मिनिटाला सतरा. तिथे एक मिनिट पूर्ण कोरडं गेलं तरी काहीतरी मोडलंय असं समजा. तासाला सहा ऑर्डरी असतील, तर दहा मिनिटं एकही ऑर्डर न येण्याची शक्यता तीनात एकापेक्षा जास्त आहे, म्हणजे रोजचीच गोष्ट. अर्धा तास कोरडा जाण्याची शक्यता मात्र शंभरात पाचच, तेव्हा तिथे अलार्म लावा.

पण ऑर्डरींचा आकडा फक्त दारावरची घंटा वाजवतो. दारात कोण आहे ते पुढचे आकडे सांगतात. इथे एक प्रसंग तपशिलात सांगते, कारण तुमचा मागचा घोळ बहुधा याच जातीचा असावा. दुकानाचं नाव सांगत नाही आणि आकडे थोडे बदललेत, प्रमाण तेच आहे.

नियोजन वर दिलंय तसंच होतं. सेल दहाला सुरू झाला. पहिल्या तासात १,०१० ऑर्डरी, म्हणजे ठीक. दुसऱ्या तासात ५४० ऐवजी ४३०. तिथला मार्केटिंगचा माणूस लगेच म्हणाला, "जाहिरातींवर खर्च वाढवतो." मी म्हटलं, जरा थांब, आधी साखळी मोजू. ऑर्डर तीन टप्प्यांतून येते: किती लोक आले, त्यातले किती चेकआउटला गेले, त्यातल्या किती जणांचं पेमेंट झालं. नियोजनात १३,५०० भेटी, त्यांतून ६७५ चेकआउट आणि त्यातले ८० टक्के पूर्ण, असे ५४० होते. प्रत्यक्षात भेटी १३,४००, चेकआउट ६७२. दोन्ही जिथल्या तिथे. पेमेंट पूर्ण झालेले मात्र ४३०, म्हणजे ६४ टक्के. जाहिरात वाढवली असती तर गळक्या बादलीत आणखी पाणी ओतलं असतं.

मग पद्धतीनुसार फोड केली. कार्डाने ३०० जणांनी प्रयत्न केला, २५५ यशस्वी, ८५ टक्के, नेहमीसारखेच. वॉलेटने ३७२ जणांनी प्रयत्न केला आणि यशस्वी फक्त १७५, म्हणजे ४७ टक्के. एरवी वॉलेटचे ७६ टक्के होतात. एवढ्या प्रयत्नांवर चार-साडेचार टक्क्यांचा चढउतार आपोआप होतो, हा एकोणतीस टक्क्यांचा खड्डा होता. (प्रयत्नच तीस असतील तर दहा टक्क्यांची घसरण काहीही सांगत नाही, हेही लक्षात असू द्या.) एकूण ६४ टक्के बघून कोणी "पेमेंट जरा कमी होतंय" एवढंच म्हणालं असतं. फोड केल्यावर नेमकं कुठे दुखतंय ते दिसलं.

ही फोड आयत्या वेळी लिहायला बसू नका. आमच्याकडे साधारण अशी क्वेरी तयार होती:

```sql
SELECT method,
       count(DISTINCT checkout_id) AS tried,
       count(DISTINCT CASE WHEN status = 'paid'
             THEN checkout_id END) AS paid,
       count(DISTINCT CASE WHEN status = 'pending'
             THEN checkout_id END) AS pending
FROM payment_attempts
WHERE created_at >= now() - interval '70 minutes'
  AND created_at <  now() - interval '10 minutes'
GROUP BY method;
```

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्यात. एक म्हणजे प्रयत्न न मोजता चेकआउट मोजलेत. एकच ग्राहक तीनदा ओटीपी चुकवून चौथ्यांदा यशस्वी झाला, तर तो आपल्या दृष्टीने एक यशस्वी ग्राहक आहे, तीन अपयशं नाहीत. दुसरं म्हणजे शेवटची दहा मिनिटं वगळलीत, कारण तेवढ्यात सुरू झालेली पेमेंटं अजून वाटेत असतात आणि टक्केवारी उगाच खाली दिसते.

आता वॉलेट बिघडलंय असं दिसल्यावर टीममधल्या एकाचा हात स्विचवर गेलाच होता, वॉलेट पर्यायच बंद करायला. बरेच जण हेच करतात आणि कधीकधी ते बरोबरही असतं. पण त्याआधी दोन मिनिटं काढून गेटवेच्या, म्हणजे आपल्या वतीने पैसे घेणाऱ्या सेवेच्या, स्वतःच्या पॅनलवर त्याच तासाचा आकडा बघायचा, हा माझा नियम आहे. तिथे वॉलेटची यशस्वी पेमेंटं होती २८१. आमच्या नोंदीत १७५. म्हणजे १०६ ग्राहकांचे पैसे गेले होते आणि आमच्या दुकानाला त्याचा पत्ताच नव्हता.

कारण नंतर उलगडलं. कार्डाचा निकाल ग्राहक परत आमच्या पानावर येताना सोबतच येत होता. वॉलेटचा निकाल मात्र गेटवेकडून वेबहुकने, म्हणजे मागच्या दाराने वेगळा निरोप म्हणून यायचा. तो निरोप आमच्या सर्व्हरवर वेळेत पोचत होता, पण ज्या रांगेत तो उभा राहायचा त्याच रांगेत पहिल्या तासाच्या हजार ऑर्डरींची बिलं तयार करून मेल करण्याचं काम चाललं होतं. निरोप मेलच्या मागे पंचवीस-पंचवीस मिनिटं अडकून पडले. एरवी दिवसाला दोनशे ऑर्डरी असताना ही रांग कधी कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

त्यात खरी भीती साठ्याची होती. पेमेंट सुरू झालं की आमच्याकडे तो नग दहा मिनिटं राखून ठेवला जायचा आणि पैसे आले नाहीत तर परत विक्रीला खुला व्हायचा. निरोप पंचवीस मिनिटांनी आणि राखण दहा मिनिटांची! म्हणजे पैसे भरलेल्या ग्राहकाचा नग सुटून दुसऱ्याला विकला जात होता. आणि पहिला ग्राहक "पेमेंट प्रलंबित" असं वाचून वैतागून पुन्हा पैसे भरत होता. वॉलेट बंद केलं असतं तर यातलं काहीच सुधारलं नसतं, उलट अडकलेल्या लोकांनी कार्डाने दुसऱ्यांदा पैसे भरले असते.

आम्ही पुढे जे केलं त्याचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांत आधी राखण दहावरून पंचेचाळीस मिनिटं केली, म्हणजे नुकसान वाढायचं थांबलं. मग प्रलंबित पानावर ठळक मजकूर टाकला: तुमचं पेमेंट तपासलं जातंय, कृपया पुन्हा पैसे भरू नका. त्यानंतर बिलांचे मेल थांबवून रांग मोकळी केली आणि प्रत्येक प्रलंबित चेकआउटची स्थिती गेटवेला स्वतःहून विचारणारी एक छोटी स्क्रिप्ट चालवली. वीस-पंचवीस मिनिटांत दोन्हीकडचे आकडे जुळले. नऊ नग दोनदा विकले गेले होते, त्या नऊ जणांना त्याच दुपारी फोन करून पैसे परत केले. मूळ दोष शोधण्याआधी गळती थांबवायची, हा क्रम उलटा झाला असता तर नऊचे साठ झाले असते.

तेव्हा पेमेंट घसरलं की निदान असं करा. गेटवेकडेही यश कमी आणि नकार एखाद्याच बँकेचे किंवा पद्धतीचे असतील, तर बिघाड पलीकडचा आहे. ती पद्धत यादीत खाली ढकला, दुसरा गेटवे असेल तर त्याच्याकडे वळवा. गेटवेच्या "सगळं सुरळीत" या पाटीवर विसंबू नका, ती बऱ्याचदा उशिरा बदलते. गेटवेकडे यश ठीक आणि आपल्याकडे कमी असेल, तर दोष घरातच आहे आणि साठ्याकडे तातडीने बघायचं. प्रयत्नच कमी झाले असतील, तर लोक पेमेंटपर्यंत पोचतच नाहीयेत. पत्त्याचा फॉर्म अडतोय का, डिलिव्हरीचा खर्च अचानक जास्त दिसतोय का, ते स्वतः मोबाइलवरून खरेदी करून बघा. आणि "शिल्लक अपुरी" अशा नकारांमागे धावू नका, त्यावर तुमच्याकडे इलाज नाही.

तुमच्याकडे दुसरं काही करणं शक्य नसेल, तर निदान ही एक ओळ पडद्यावर ठेवा: गेटवेची यशस्वी पेमेंटं वजा आपल्याकडच्या पैसे मिळालेल्या ऑर्डरी. ही वजाबाकी वाटेत असलेल्या दहा मिनिटांच्या पेमेंटांइतकी असणारच. ती तासागणिक वाढत गेली, की दुसऱ्या दिवशीचे फोन आत्ताच वाजायला लागलेत असं समजा.

साठ्याबद्दल थोडक्यात, पण एक चूक फार होते म्हणून सांगते. उरलेले नग भागिले मागच्या तासाची विक्री, असा हिशेब सगळे करतात. समजा मुख्य वस्तूचे ५०० नग होते, पहिल्या तासात २१० गेले, २९० उरले. साधा हिशेब म्हणतो, अजून एक तास तेवीस मिनिटांत संपणार. पण पहिला तास हा झुंबडीचा असतो. त्या तासाचा वाटा ३५ टक्के होता, म्हणजे २१० वरून पूर्ण सेलची मागणी साधारण ६००. पाचशे नग म्हणजे त्या मागणीचे ८३ टक्के. वरचे वाटे बेरजेने मांडले तर ८३ टक्के पाचव्या तासाच्या शेवटाकडे येतात. दोन हिशेबांत जवळजवळ अडीच तासांचा फरक आहे. पहिल्यावर विश्वास ठेवून जाहिरात लवकर बंद केली, तर माल हातात असताना गिऱ्हाईक तुम्हीच परत पाठवता.

माझी रेषा अशी: या हिशेबाने मुख्य वस्तू सेलच्या निम्म्या वेळेआधी संपणार असेल, तरच आत्ता काही करायचं. संपणं वाईट नाही, फ्लॅश सेलमध्ये ते व्हायलाच हवं. वाईट असतं ते संपलेल्या वस्तूच्या जाहिरातीवर पैसे चालू राहणं. तेव्हा त्या जाहिराती थांबवायच्या, पहिल्या पानावर दुसरी वस्तू पुढे आणायची, आणि राखीव साठा असेल तर तो सोडायचा का हे ठरवायचं. कपडे-चपलांसारख्या मालात एकूण नग बघू नका, चालणाऱ्या मापांचे नग बघा. दोनशे नग शिल्लक आणि मधली दोन मापं संपलेली, म्हणजे ती वस्तू संपलीच. हे ओळखायची खूण म्हणजे भेटी तेवढ्याच असूनही त्या पानावरून चेकआउट एकदम निम्म्यावर येतात.

उलट एखादी वस्तू फारच हळू जात असेल, तर तिची सूट मध्येच वाढवण्याच्या मी विरोधात आहे. पहिल्या तासात घेतलेले लोक जुनी ऑर्डर रद्द करून नवी टाकतात आणि तुमचे ऑर्डरींचे आकडे फुगून निरर्थक होतात. वस्तूची जागा बदला, फोटो बदला, किंमत त्या दिवशी नको.

चौथा आकडा सुटीचा, आणि इथे धोक्याची खूण आनंदाच्या वेषात येते. एखाद्या तासात ऑर्डरी अपेक्षेच्या दीडपट झाल्या आणि भेटी तेवढ्याच आहेत, तर टाळ्या वाजवण्याआधी सूट बघा. दोन कूपनं एकावर एक लागत असतील, किंवा कर्मचाऱ्यांसाठीचं कूपन बाहेर कुठल्या ग्रुपवर पोचलं असेल. सरासरी सूट यात उशिरा हलते, कारण बाकीच्या शेकडो साध्या ऑर्डरी ती झाकून टाकतात. म्हणून मी सरासरीच्या शेजारी त्या तासातल्या सर्वांत जास्त सूट मिळालेल्या दहा ऑर्डरींची यादी ठेवते. नियोजनात कमाल ४० टक्के असेल आणि यादीत ६५ टक्क्यांच्या दोन ऑर्डरी दिसल्या, तर तास संपायची वाट बघायची नाही, ते कूपन त्याच मिनिटाला बंद. बाकी तिन्ही आकड्यांत दोन वेळा खात्री करून मग हात घालते, इथे आधी बंद करते आणि मग चौकशी करते. चुकून बंद केलेलं कूपन परत चालू करता येतं. मोडीत विकलेल्या मालाच्या ऑर्डरी रद्द करत बसणं फार महागात पडतं.

आता तुम्ही चौघं. सहा तास चौघांनी बघू नका, तीन तासांनी सगळ्यांचे डोळे सारखेच थकतात. एकाने आकडे बघावेत, एकाने निर्णय घ्यावा, आणि तो एकच असावा. उरलेल्यांनी आपापल्या स्विचजवळ बसावं: पेमेंट, साठा, जाहिरात. प्रत्येक बदल वेळेसह एका सामायिक कागदावर लिहा: "१२:२०, राखण १० वरून ४५ मिनिटं." एका वेळी एकच बदल करून पंधरा मिनिटं थांबा. जाहिरात बंद, वॉलेट खाली आणि बॅनर नवा हे सगळं एकदम केलं, तर पुढच्या तासाचा आकडा कशामुळे बदलला हे कोणालाच सांगता येत नाही.

तासाच्या या नियमाला दोन अपवाद आहेत. पहिली पंधरा मिनिटं मी तास-बिस काही मानत नाही. सेल उघडताच आमच्यातला एक जण प्रत्येक पेमेंट पद्धतीने खरी ऑर्डर टाकतो आणि ती गोदामाच्या यादीत उतरेपर्यंत तिचा पाठलाग करतो. सूट लागली का, नग कमी झाला का, मेल आला का. आमच्या त्या प्रसंगातही हे केलं होतं आणि सगळं पास झालं होतं, कारण तेव्हा रांग रिकामी होती. म्हणून आता हीच तपासणी दुसरा तास सुरू होताना, ओझं असताना, पुन्हा करतो.

दुसरा अपवाद सेल संपल्यानंतरचा. ठरलेल्या वेळी किमती बदलतात तेव्हा काही लोक चेकआउटच्या पानावर असतात, काहींचं पेमेंट वाटेत असतं. त्यांना सेलची किंमत द्यायची की नाही, हे आधीच ठरवून सिस्टममध्ये घातलेलं हवं. आम्ही वेळ संपण्याआधी चेकआउट सुरू केलेल्यांना पंधरा मिनिटं जुनीच किंमत देतो. आणि आकडे बघणारी व्यक्ती सेल संपल्यावर आणखी अर्धा तास जागेवरून उठत नाही, कारण गेटवे आणि आपली नोंद यांची वजाबाकी शून्यावर आलेली बघूनच तिला पडदा बंद करायचा असतो.